विधानसभेनं पास केलेला कायदा कोर्ट ‘उडवतं’ म्हणजे नेमकं काय करतं?

दिवाळीत मिरजेला मामाकडे गेले होते. पीएचडीचा विषय काय, असं दरवर्षी विचारतात आणि मी दरवर्षी वेगळं उत्तर देते. यंदा खरं सांगितलं : न्यायालयीन पुनर्विलोकन. मामा म्हणाले, “म्हणजे ते कोर्ट कायदे रद्द करतं ते? मग मला एक सांग. आबांनी डान्सबार बंद केले. विधानसभेत सत्ताधारी-विरोधक सगळे एका बाजूला होते. एवढी माणसं आम्ही निवडून दिलेली. आणि दोन जज बसून म्हणतात, कायदा चालणार नाही. हे कसं काय?”

सांगली जिल्ह्यात आर. आर. आबांबद्दल बोलताना जरा जपूनच बोलावं लागतं. पण प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्या अभ्यासात येणाऱ्या प्रकरणांपैकी हे मला सगळ्यात शिकवून जाणारं प्रकरण वाटतं, कारण यात कोर्टानं एकदा नाही, तीन वेळा हात घातला आणि तिन्ही वेळा वेगळ्या पद्धतीनं. म्हणून मामांना जे सांगितलं (आणि जेवणाची वेळ झाली म्हणून जे राहून गेलं) ते इथे लिहिते आहे.

आधी कायदा काय होता ते बघू. २००५ साली महाराष्ट्र विधिमंडळानं मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये दुरुस्ती करून दोन नवी कलमं घातली. कलम ३३-अ म्हणत होतं की उपाहारगृह, परमिट रूम किंवा बिअर बारमध्ये कुठल्याही प्रकारचा नाच करता येणार नाही. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. लगेच पुढचं कलम ३३-ब म्हणत होतं की ही बंदी काही ठिकाणांना लागू नाही : नाट्यगृह, सिनेमागृह, सभागृह, फक्त सदस्यांना प्रवेश असलेले स्पोर्ट्स क्लब आणि जिमखाने, आणि तीन तारांकित किंवा त्याहून वरची हॉटेलं. पर्यटन आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठीही सूट ठेवली होती. विधेयकासोबत कारणं दिली होती की बारमध्ये अश्लील नाच चालतो, बायकांचं शोषण होतं, तरुण पोरं बिघडतात, गुन्हेगारी वाढते. ऑगस्ट २००५ मध्ये कायदा लागू झाला आणि बार बंद पडले.

आता मामांचा प्रश्न. जजना हा अधिकार दिला कुणी? उत्तर असं की संविधानानंच, आणि बऱ्यापैकी सरळ शब्दांत. अनुच्छेद १३ चा दुसरा भाग सांगतो की मूलभूत हक्क काढून घेणारा किंवा कमी करणारा कायदा राज्यानं करू नये, आणि केलाच तर तो ‘त्या उल्लंघनाच्या मर्यादेपर्यंत’ शून्य ठरेल. हे शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहेत. हायकोर्टाकडे कुणीही अनुच्छेद २२६ खाली जाऊ शकतं आणि सुप्रीम कोर्टाकडे अनुच्छेद ३२ खाली. म्हणजे विधानसभेला कायदा करण्याची ताकद ज्या पुस्तकानं दिली, त्याच पुस्तकानं त्या ताकदीला कुंपणही घातलं. आमदार निवडून येतात ते कुंपणाच्या आत कायदा करण्यासाठी. एकमतानं पास झालं म्हणून कुंपण पुढे सरकत नाही.

एक गोष्ट मात्र लोक नेहमी विसरतात. कोर्ट आपणहून उठून विधानसभेचे कायदे तपासत बसत नाही. कुणीतरी याचिका घेऊन जावं लागतं. इथे बारमालकांची संघटना गेली, आणि भारतीय बारगर्ल्स युनियनही गेली. दोघांचं दुखणं एकच नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. मालकाचा धंदा गेला होता, पण त्याच्याकडे हॉटेलची जागा आणि दारूचं लायसन्स शिल्लक होतं. नाचणाऱ्या बाईकडे काय शिल्लक होतं?

कोर्टात गेल्यावर पहिला डाव सरकारच्या बाजूनं असतो. कायदा घटनेला धरूनच आहे असं गृहीत धरलं जातं, आणि तो घटनाबाह्य आहे हे दाखवण्याचं ओझं आव्हान देणाऱ्यावर असतं. शिवाय काही मुद्दे तर कोर्ट ऐकूनच घेत नाही. ‘हा कायदा मूर्खपणाचा आहे’ हा मुद्दा चालत नाही. ‘गृहमंत्र्यांनी मतांसाठी केला’ हाही चालत नाही, विधिमंडळाच्या मनात काय होतं यात कोर्ट शिरत नाही. चालतात ते मुळात दोनच प्रश्न. एक, हा विषय या विधिमंडळाच्या अखत्यारीत होता का? दोन, कायद्यानं मूलभूत हक्क किंवा संविधानाची दुसरी एखादी तरतूद मोडली का? पहिल्या प्रश्नावर महाराष्ट्राला फारशी अडचण नव्हती. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतलेच विषय आहेत. खरी लढाई दुसऱ्यावर झाली, आणि तीही दोन वेगळ्या आघाड्यांवर. या दोन आघाड्या वेगळ्या ठेवून बघितल्या नाहीत तर पुढचं प्रकरण कळतच नाही, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पहिली आघाडी समानतेची, अनुच्छेद १४. समानता म्हणजे सगळ्यांना एकच कायदा असं नसतं. कायदा वर्गवारी करतोच. ट्रकला वेगळा नियम, सायकलला वेगळा. कोर्ट दोन गोष्टी बघतं. ज्यांना वेगळं काढलं त्यांच्यात आणि बाकीच्यांत ओळखता येण्याजोगा फरक आहे का, आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी काही संबंध आहे का. पहिली कसोटी पास होणं सोपं असतं. थ्री-स्टार हॉटेल आणि पनवेलच्या रस्त्यावरचा बार यात फरक आहे हे कुणालाही दिसतं, दर वेगळे, सोयी वेगळ्या, गिऱ्हाईक वेगळं. अडतं ते दुसऱ्या कसोटीवर. कायद्याचा हेतू होता अश्लील नाच आणि शोषण थांबवणं. मग तोच नाच, त्याच कपड्यांत, तारांकित हॉटेलात झाला की शोषण कसं थांबतं? सरकारचं म्हणणं साधारण असं होतं की तिथे येणारा प्रेक्षक वेगळा आणि तिथली कलाही वेगळी. सुप्रीम कोर्टानं हे चांगलंच धरलं. पैसेवाल्यांची नीतिमत्ता बळकट आणि साध्या बारमध्ये बसणाऱ्याची कच्ची, असं गृहीत धरूनच ही वर्गवारी उभी आहे, आणि अशा गृहीतकावर कायदा उभा राहत नाही, असा त्याचा सूर होता. आणखी एक बारकावा आहे. कलम ३३-अ फक्त अश्लील नाचावर बंदी घालत नव्हतं, ‘कुठल्याही प्रकारच्या’ नाचावर घालत होतं. म्हणजे परमिट रूममध्ये कुणी भरतनाट्यम केलं तरी गुन्हा, आणि जिमखान्यात काहीही केलं तरी माफ. हेतू आणि शब्द यांची गाठच पडत नव्हती.

दुसरी आघाडी व्यवसायाची, अनुच्छेद १९(१)(छ). प्रत्येक नागरिकाला आवडेल तो धंदा-व्यवसाय करायचा हक्क आहे, पण अनुच्छेद १९(६) खाली सरकार जनहितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालू शकतं. इथे ओझं फिरतं. हक्कावर निर्बंध आला आहे एवढं एकदा दिसलं की तो वाजवी का आहे हे सरकारनं पटवून द्यायचं असतं. आणि निर्बंध जेवढा कडक तेवढं कारण भक्कम लागतं. इथे तर निर्बंध नव्हता, संपूर्ण बंदीच होती. मग कोर्ट साहजिकच विचारतं, याहून सौम्य उपाय करून बघितला होता का?

आणि या प्रश्नावर सरकारची बाजू सगळ्यात लंगडी पडली. अश्लील वर्तनासाठी भारतीय दंडविधानात कलम २९४ होतं. बायकांच्या व्यापाराविरुद्ध १९५६ चा केंद्रीय कायदा होता. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी १९६० चे नियम होते, त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. एवढंच कशाला, राज्यानंच नेमलेल्या समितीनं आधी नियमावली सुचवली होती : नाचण्याच्या जागेभोवती तीन फुटी कठडा, कठडा आणि खुर्च्यांत पाच फुटांचं अंतर, एका वेळी किती जणींनी नाचावं यावर मर्यादा, पैसे उधळायला मनाई. हे करून बघितलं आणि जमलं नाही, असं दाखवता आलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. सरकारनं ते करून न बघताच थेट बंदीची उडी मारली.

पुराव्याचंही असंच झालं. बारमधल्या मुली फसवून, पळवून आणलेल्या आहेत, हा सरकारचा मोठा मुद्दा होता. पण बारबालांच्या मुलाखती घेऊन केलेले जे अभ्यास कोर्टासमोर होते, त्यांतून तसं सरसकट चित्र निघत नव्हतं. बऱ्याच जणी घरातल्या एकट्या कमावत्या होत्या. बंदीमुळे सुमारे ७५ हजार बायका बेकार झाल्याचं कोर्टापुढे आलं, आणि त्यांतल्या कित्येकींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावं लागलं हेही. ज्या शोषणातून सोडवायचं म्हणून कायदा केला, त्याहून वाईट शोषणात त्याच बायका ढकलल्या गेल्या. रोगापेक्षा औषध जालीम, असं कोर्टानं म्हटलं ते यासाठी.

मुंबई हायकोर्टाने १२ एप्रिल २००६ ला बंदी घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो आणि रोशन दळवी यांचं खंडपीठ होतं. याचिकांमधले सगळे मुद्दे काही त्यांनी मान्य केले नाहीत, पण वरचे दोन मान्य केले. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, हायकोर्टाच्या निकालाला स्थगिती मिळाली, आणि १६ जुलै २०१३ ला सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्यायमूर्ती एस. एस. निज्जर यांनी हायकोर्टाचा निकाल कायम केला. मधली सात वर्षं बार बंदच होते. ‘कोर्टानं कायदा रद्द केला’ हे वाक्य पेपरात एका ओळीत येतं, पण त्या ओळीला २००६ ते २०१३ एवढा वेळ लागला. बावीस वर्षांची मुलगी एकोणतीसची झाली.

इथे एक गैरसमज काढायचा आहे. कोर्ट कायदा ‘उडवतं’ म्हणजे पुस्तकातून खोडत नाही. खोडायचा अधिकार विधिमंडळाचाच. कोर्ट एवढंच जाहीर करतं की हे कलम शून्य आहे, ते कुणालाही लावता येणार नाही. छापील पुस्तकात कलम तसंच दिसत राहू शकतं. याचे दुष्परिणाम किती होऊ शकतात ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ वरून दिसलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून प्रकरण पेटलं, आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. तरी देशभरात पोलीस त्या कलमाखाली गुन्हे नोंदवतच राहिले. शेवटी २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. ठाण्यातल्या हवालदारापर्यंत निकाल पोचवणारी यंत्रणा कोर्टाकडे नाही.

आता डान्सबारचा दुसरा अंक. निकाल विरुद्ध गेला म्हणून विधिमंडळाचे हात बांधले जात नाहीत. ते पुन्हा कायदा करू शकतं, फक्त कोर्टानं दाखवलेला दोष त्यात उरता कामा नये. ‘आम्हाला निकाल मान्य नाही’ एवढंच म्हणणारा कायदा चालत नाही. दोषाचं मूळ काढलं पाहिजे. जून २०१४ मध्ये विधिमंडळानं काय केलं? सूट देणारं कलम काढून टाकलं आणि बंदी सगळ्यांना लावली, तारांकित हॉटेलांनाही. दिसायला हे हुशार उत्तर होतं. भेदभाव केलात म्हणालात ना, घ्या, आता भेदभाव नाही.

म्हणून मी वर दोन आघाड्या वेगळ्या ठेवा म्हटलं होतं. सूट काढल्यानं समानतेची भेग बुजली. पण व्यवसायाच्या हक्काची भेग तशीच राहिली, उलट बंदी आणखी रुंद झाली. भिंतीला दोन तडे गेलेत आणि आपण एकाच तड्यात सिमेंट भरलं, तर पाणी दुसऱ्यातून येणारच. १५ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टानं या नव्या कलमाला स्थगिती दिली. आधी रद्द केलेल्या तरतुदीसारखीच तरतूद पुन्हा आणली आहे, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. अश्लीलता रोखायचा अधिकार मात्र लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे राहू दिला.

मग २०१६ मध्ये सरकारनं पवित्रा बदलला. बंदी नाही, नियमन करतो, म्हणून स्वतंत्र कायदाच केला, आणि त्यासोबत लायसन्सच्या अटींची लांबलचक यादी आली. प्रकरण परत सुप्रीम कोर्टात. १७ जानेवारी २०१९ ला न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि अशोक भूषण यांनी निकाल दिला, आणि इथे ते तीन शब्द कामाला आले : त्या मर्यादेपर्यंत शून्य. कोर्टानं अख्खा कायदा उचलून फेकला नाही. एकेक अट हातात घेऊन बघितली.

अश्लील नाचाची व्याख्या ठेवली. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ ठेवली. नोटा-नाणी उधळायला मनाई ठेवली, पण टिप हातात द्यायची मुभा दिली, टिप बिलातच लावा ही सक्ती काढली. नोकरीचा लेखी करार आणि पैसे बँकेत जमा करणं ठेवलं, कारण त्यानं बाईचंच संरक्षण होतं. मासिक पगारच द्या ही सक्ती मात्र काढली. आत सीसीटीव्ही लावायची अट खासगीपणाच्या मुद्द्यावर गेली. मालक ‘चांगल्या चारित्र्याचा’ हवा ही अट गेली, कारण चांगलं चारित्र्य म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि मग अधिकाऱ्याच्या मनात येईल तो अर्थ.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक किलोमीटरची अट. धार्मिक स्थळ किंवा शाळा-कॉलेजपासून बार एक किलोमीटर लांब हवा. कागदावर अगदी समंजस वाटते. पण मुंबईचा नकाशा काढा आणि प्रत्येक देवळाभोवती, मशिदीभोवती, चर्चभोवती, शाळेभोवती एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढत जा. दादरलाच तुमचा कंपास थकेल. जागाच उरत नाही. म्हणजे नियमनाच्या कपड्यातली बंदीच. जे सरळ करता येत नाही ते आडवळणानं करता येत नाही, हे तत्त्व कोर्टानं लावलं आणि अट गेली. कोर्टानं आणखी एक गोष्ट नोंदवली : २००५ पासून निकालाच्या दिवसापर्यंत एकालाही लायसन्स मिळालेलं नव्हतं. आम्ही फक्त नियमन करतो आहोत, असं म्हणणाऱ्या सरकारसाठी ही नोंद अवघड होती.

मामांनी शेवटी विचारलं, “मग आबांचं चुकलं असं म्हणतेस?” मी म्हटलं, कोर्टानं तसं काही म्हटलेलं नाही. बारमधलं शोषण खोटं होतं असंही म्हटलं नाही, शोषण थांबवायचा राज्याला अधिकार नाही असंही नाही. २०१६ चा निम्मा कायदा तर उभाच आहे. निवडलेला मार्ग बसत नव्हता, एवढंच.

मामांना पटलं की नाही माहीत नाही, पण मामींनी ताटं घेताना एक विचारलं त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. कायदा सुरुवातीपासूनच शून्य होता असं कोर्ट म्हणतं, तर मग त्या बायकांची मधली वर्षं कुणी भरून दिली? कुणीच नाही. निकालात कलम शून्य ठरतं. बुडालेल्या कमाईचा एक रुपयाही त्या निकालातून परत येत नाही, आणि तो मागायची वाट आपल्याकडे जवळपास बंद आहे. प्रबंधाचं चौथं प्रकरण सध्या याच मुद्द्यावर अडकलं आहे. काही सापडलं तर पुढच्या पोस्टमध्ये लिहीन.